सोमवारची निळी गोळी आणि परिपाठातली दहा मिनिटं

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष एवढं होईपर्यंत पहिल्या तासाची घंटा जवळ आलेली असते. परिपाठात आरोग्यावर बोलायला आलेल्या डॉक्टरला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. समोर सहावीची लहानखुरी पोरं आणि दहावीच्या उंच मुली एकाच मैदानावर उभ्या असतात, ऊन चढायला लागलेलं असतं, आणि मागच्या रांगेतली एखादी मुलगी उपाशीपोटी आलेली असल्यामुळे केव्हाही चक्कर येऊन खाली बसेल अशी स्थिती असते. शाळा-तपासणीच्या निमित्ताने मी अशी भाषणं देत आले आहे आणि इतरांचीही ऐकली आहेत. बहुतेक भाषणांत तीनच वाक्यं असतात: रक्त वाढवा, पालेभाज्या खा, लोहाची गोळी न चुकता घ्या. मुलं टाळ्या वाजवतात. दुपारी गोळी हातात पडते, काही जण गिळतात, काही जण जिभेखाली धरतात आणि बाईंची पाठ वळली की ती गोळी कुंपणापलीकडे जाते.

याचं कारण मुलांचा हट्टीपणा नाही. आपण त्यांना आज्ञा देतो, हिशोब देत नाही. आठवीच्या मुलीला सरळव्याज येतं, शेकडेवारी येते. तिच्या अंगातल्या लोहाचा जमाखर्च फळ्यावर मांडून दाखवला, तर सोमवारी गोळी का घ्यायची हे तिला कोणी पुन्हा सांगावं लागत नाही. म्हणून परिपाठातल्या दहा मिनिटांपैकी निम्मा वेळ मी या हिशोबाला द्यावा असं म्हणते.

आधी गोळीची ओळख. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी देण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने २०१२-१३ मध्ये सुरू केला. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलामुलींना ती शाळेत मिळते, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत. सुरुवातीच्या गोळीत १०० मिलिग्रॅम लोह होतं. २०१८ मध्ये ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहीम आली तेव्हा ते ६० मिलिग्रॅमवर आणलं, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड ठेवलं, आणि दहा ते एकोणीस वयोगटासाठी साखरेचं आवरण असलेली निळी गोळी ठरली. त्याहून लहान, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची गोळी गुलाबी असते आणि तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह असतं. दिवस बहुतेक ठिकाणी सोमवारच.

या वयात रक्तक्षय किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलग्यांपैकी ३१ टक्के जणांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधी २०१६-१८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये हाच आकडा ४० टक्के आणि मुलग्यांमध्ये १८ टक्के आला. वयोगट वेगळे होते, शिवाय एकीकडे बोटाला टोचून रक्त घेतलं होतं, तर दुसरीकडे शिरेतून. कमीतला आकडा खरा धरला तरी ओळीतल्या दहा मुलींमागे चार मुली. मैदानावर हे दाखवणं सोपं असतं, पण कोणालाही पुढे उभं करू नये. फिकी मुलगी आधीच मागे लपत असते.

आता तो हिशोब. आठवीतली, साधारण चाळीस किलो वजनाची, पाळी सुरू झालेली एक मुलगी धरू. तिच्या अंगात सुमारे पावणेतीन लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिन बारा असेल, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात बारा ग्रॅम, तर तिच्या सगळ्या रक्तात मिळून लोह भरतं जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा लोहावर फुप्फुसांतला प्राणवायू डोक्यापासून पायापर्यंत पोचतो.

खर्चाच्या बाजूला तीन नोंदी येतात. पहिली, रोजची झीज. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आणि त्वचेच्या पेशी सतत गळतात, त्यांच्याबरोबर थोडं लोह जातं. या मुलीच्या बाबतीत ते महिन्याला सुमारे १७ मिलिग्रॅम होतं. दुसरी नोंद पाळीची. सरासरी पाळीत तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जातं. पस्तीस धरलं तर त्यातून १४ मिलिग्रॅम लोह गेलं. तिसरी नोंद मुली सहसा विसरतात, ती म्हणजे वाढ. वर्षभरात तिचं वजन पाच किलोंनी वाढलं तर त्या पाच किलोंसाठी नवं रक्त तयार करावं लागतं, आणि त्यासाठी महिन्याला सुमारे १२ मिलिग्रॅम लोह लागतं. तिन्ही मिळून ४३ मिलिग्रॅम.

जमेच्या बाजूला जेवण. तिच्या दिवसभराच्या भाकरी, आमटी, भाजी, भातातून पंधरा मिलिग्रॅम लोह पोटात जात असेल असं धरू. ते सगळं रक्तात पोचत नाही, आणि परिपाठात हेच ठासून सांगायला हवं. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह फायटेटसारख्या द्रव्यांनी बांधलेलं असतं, त्यातलं शंभरातलं पाच ते आठ एवढंच शरीर घेऊ शकतं. सहा टक्के धरले तर दिवसाला ०.९ मिलिग्रॅम, महिन्याला २७. खर्च ४३, जमा २७. दर महिन्याला १६ मिलिग्रॅमची तूट. काही महिने ती तूट यकृतातल्या साठ्यातून भरून निघते, आणि मुलीला काहीच जाणवत नाही. साठा संपला की मग हिमोग्लोबिन उतरायला लागतं. जिना चढताना धाप लागते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, खेळाच्या तासाला पाय गळतात. कधी माती, खडू, पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटायला लागतात, आणि घरचे तिला वाईट सवय म्हणून रागावतात. ती सवय बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते.

आता याच वहीत सोमवारची गोळी लिहू. साठ मिलिग्रॅम लोहापैकी दहा टक्के रक्तात गेलं तर आठवड्याला ६, महिन्याला २४. सोळाची तूट भरून आठ मिलिग्रॅम साठ्यात पडतात. आणि दोन सोमवार चुकले तर? मग गोळीतून बाराच मिळतात आणि दर महिन्याला चारची तूट पुन्हा सुरू होते. निम्मे सोमवार पाळणारी मुलगी निम्मी सुरक्षित राहत नाही, ती हळूहळू खालीच जात राहते. ही गोष्ट मुलांना गणितातून जितकी पटकन पटते तितकी भाषणातून कधीच पटत नाही, हा माझा अनुभव आहे.

हे आकडे सरासरीचे आहेत, प्रत्येकीचे नाहीत. लोह कमी पडायला लागलं की शरीर स्वतःहून जास्त शोषून घेतं, साठा भरलेला असला की कमी घेतं. पण हिशोबाची दिशा बदलत नाही. आणि मुलग्यांनी हे ऐकताना हसायचं कारण नाही. त्यांच्या खर्चात पाळी नसली तरी मिसरूड फुटायच्या वयात त्यांचे स्नायू आणि रक्त दोन्ही झपाट्याने वाढतात. म्हणून निळी गोळी त्यांनाही दिली जाते.

याच टप्प्यावर एखादा चौकस मुलगा विचारतो, मग रोजच का देत नाही? उत्तर आतड्यात आहे. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते आतड्याला पुढचं लोह रक्तात सोडू नको असं कळवतं. झुरिकमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या तरुण मुलींवर केलेल्या अभ्यासात दिसलं की साठ मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठ्या डोसनंतर हेपसिडिन चोवीस तास चढलेलं राहतं, आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्या डोसातलं लोह पस्तीस ते पंचेचाळीस टक्क्यांनी कमी शोषलं जातं. न शोषलेलं लोह आतड्यातच राहतं आणि मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता यांचं कारण होतं. अजून आजारी न पडलेल्या मुलीची छोटी तूट भरून काढायला आठवड्याची एक गोळी पुरते, त्रास कमी होतो, आणि एक ठरलेला वार पाळणं शाळेला जमतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ मध्ये, जिथे रक्तक्षय जास्त आहे अशा ठिकाणी, पाळी येणाऱ्या मुली आणि स्त्रियांसाठी आठवड्याला एकदा साठ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली.

गोळीतल्या दुसऱ्या औषधाची, फॉलिक ॲसिडची, गोष्ट मुंबईची आहे, आणि ती परिपाठात सांगण्याजोगी आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या भयंकर रक्तक्षयाचा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून अभ्यास केला. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने अवाजवी मोठ्या असत. जंतुसंसर्ग आहे का, हे तपासून झालं. तो नव्हता. मग विल्स यांनी त्यांच्या जेवणाकडे पाहिलं. गरिबीतलं, तेच तेच, भाजी-फळांवाचूनचं जेवण. यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका सुधारू लागल्या, आणि १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात, त्यामुळे अस्थिमज्जेत नव्या पेशी सतत घडत असतात. घडताना पेशीला दोन व्हावं लागतं, आणि त्या विभागणीला फॉलिक ॲसिड लागतं. एकटं लोह देऊन पेशी भरता येतात, पण पेशी घडायला हे दुसरं औषध हवं.

वरच्या वर्गांतल्या मुलींना एक गोष्ट वेगळी बसवून सांगावी. गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटते. त्या काळात फॉलिक ॲसिड कमी असेल तर ती नीट मिटत नाही. आपल्या साप्ताहिक गोळीतलं ५०० मायक्रोग्रॅम त्या कामासाठी पुरेसं मानता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याच्या डोससाठी २८०० मायक्रोग्रॅम सुचवलं आहे. तेव्हा घरात लग्न झालेली ताई किंवा वहिनी असेल आणि दिवस राहावेत असा तिचा विचार असेल, तर तिला आधीपासून रोजचं फॉलिक ॲसिड लागतं. त्यासाठी आशाताईंना विचारायचं.

आता भीतीकडे येते, कारण कार्यक्रम अडतो तो इथे. “मॅडम, ही गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही का?” असा प्रश्न चिठ्ठीवर लिहून येतो, तोंडी कोणी विचारत नाही. याचं उत्तर सरळ द्यावं: ही गर्भनिरोधक गोळी नाही, आणि गरोदर बाईला हेच लोह आणि हेच फॉलिक ॲसिड रोज दिलं जातं. प्रश्नाला हसू नये किंवा चिडू नये. घरी आजी किंवा शेजारीण असं बोललेली असते, आणि मुलीला दोघींपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे ठरवायचं असतं.

२०१३ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या शाळांत हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्याच फेरीत गोळी घेतल्यावर अनेक मुलींच्या पोटात दुखू लागलं, उलट्या झाल्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच आठवड्यात बिहारमधल्या छपरा भागात शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळलं जाऊन तेवीस मुलं दगावली होती. देशभरातले आईबाप घाबरलेले होते. अशा वातावरणात एका मुलीला मळमळलं की तिच्याकडे पाहून बाकीच्यांनाही खरोखर मळमळतं, हे नाटक नसतं. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे की त्रास होऊ शकतो हे आधी न सांगणं ही चूक आहे. परिपाठातच स्पष्ट सांगावं: पहिल्या काही वेळा काहींना मळमळेल, पोटात ढवळेल, क्वचित उलटी होईल, दुसऱ्या दिवशी शौचाला काळी होईल. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीराला सवय होते.

त्रास टाळायचा तर क्रम नीट हवा. गोळी पोषण आहार झाल्यावर, भरल्या पोटी द्यायची. ज्या मुलीने खिचडी खाल्ली नाही किंवा डबा आणला नाही, तिला त्या दिवशी आधी खायला द्यायचं, मग गोळी. गोळी चावायची नाही, ग्लासभर पाण्याबरोबर गिळायची. वाटायच्या आधी पाकिटावरची मुदत पाहायची. पावसाळ्यात दमट हवेने साखरेचं आवरण विरघळून गोळ्या एकमेकींना चिकटतात, रंग उडतो, तुकडे पडतात. अशा गोळ्या वापरायच्या नाहीत. पहिली गोळी वर्गशिक्षकाने मुलांसमोर स्वतः घ्यायची. कार्यक्रमाच्या सूचनांतच शिक्षकांनी गोळी घ्यावी असं म्हटलेलं आहे, आणि हजार शब्दांच्या भाषणापेक्षा बाईंनी घेतलेली एक गोळी मुलांना जास्त पटते. एखाद्या मुलीला मळमळलं तर तिला गर्दीतून बाजूला, सावलीत आडवं करायचं, थोडं थोडं पाणी पाजायचं, आणि बाकीच्यांना वर्गात कामाला लावायचं. ताप आलेल्या किंवा जुलाब होत असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये. बरं वाटल्यावर द्यावी. थॅलेसेमिया असलेल्या किंवा वरचेवर रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाला ही गोळी मुळीच द्यायची नाही.

चहाचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे मुलं सकाळी आणि शाळेतून घरी गेल्यावर चहा पितात, अनेकदा चपाती किंवा भाकरी चहात बुडवून खातात. चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं आणि जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणतं. मघाच्या हिशोबात ०.९ मिलिग्रॅम होते, ते अर्ध्यावर आले तर गोळी घेऊनही तूट राहते. चहा सोडा असं मी सांगत नाही, कोणी ऐकत नाही. जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा आणि दूध नको, एवढंच सांगते. उलट आमटीवर पिळलेलं लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व त्याच जेवणातलं लोह जास्त शोषू देतं. मटकी-मूग मोड आणून खाल्ले तर लोह बांधून ठेवणारं फायटेट कमी होतं. मासे-मटण खाणाऱ्या घरात त्यातलं लोह सहज शोषलं जातं, ताटात थोडं असलं तरी उपयोगी. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिशच्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसतं. हिवाळ्यातली बाजरीची भाकरी बाराही महिने खावी असं वाटण्याइतका हा फरक आहे.

जमाखर्चात आणखी एक चोर खर्च असतो, तो आकडेकृमींचा. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. अनवाणी चालताना ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून ते आत शिरतात. अंगात शंभरेक जंत असतील तर दिवसाला काही मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे महिन्याला पाळीत जातं त्याहून जास्त लोह. म्हणून दहा फेब्रुवारी आणि दहा ऑगस्टच्या जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. निळी गिळायची, जंताची चावायची, एवढा फरक लहान मुलांना दोनदा सांगावा.

एक धोका मात्र गोळीचाच आहे, आणि तो सांगताना माझा आवाज आपोआप बदलतो. २०२३ च्या मार्चमध्ये तमिळनाडूतल्या उटीच्या एका शाळेत मुलांनी लोहाच्या गोळ्या कोण जास्त खातो अशी पैज लावली. आठवीतली एक मुलगी त्यात दगावली, इतर काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. साखरेच्या आवरणामुळे गोळी गोड लागते. चाळीस किलोच्या मुलाने एका वेळी पंधरावीस गोळ्या खाल्ल्या तर विषबाधा सुरू होऊ शकते, लहान भावंडांना त्याहून कमी पुरतात. आधी उलट्या, पोटदुखी, कधी रक्त. मग काही तास बरं वाटतं, आणि घरचे निर्धास्त होतात. पण त्याच वेळात यकृत बिघडत असतं. असं काही घडलं तर बरं वाटायची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं, रिकामं पाकीट बरोबर घ्यायचं. यावर उतारा देणारं औषध आहे, ते वेळेत द्यावं लागतं. शाळेत गोळ्यांचं खोकं कुलपात असलं पाहिजे आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. सुट्टीसाठी गोळ्या घरी दिल्या तर त्या मुलांच्या दप्तरात नकोत, पालकांना शाळेत बोलावून त्यांच्या हातात द्याव्यात.

आता मर्यादा. साप्ताहिक गोळी ही रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे, झालेला रक्तक्षय बरा करायला ती तोकडी पडते. हे का, तेही त्याच वहीत दिसतं. हिशोबातल्याच मुलीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं असं समजू. बारावर यायला तिच्या रक्तात सुमारे २७५ मिलिग्रॅम लोह जास्तीचं हवं. महिन्याला आठ मिलिग्रॅम शिल्लक या वेगाने त्याला जवळपास तीन वर्षं लागतील. शरीर जास्त शोषेल, म्हणून प्रत्यक्षात काही कमी. तरी दहावीची परीक्षा तोवर होऊन जाईल. म्हणून अशा मुलीला त्याच निळ्या गोळ्या आरोग्य केंद्रातून उपचाराच्या प्रमाणात दिल्या जातात: रोज दोन, तीन महिने, आणि मधे पुन्हा तपासणी. त्या काळात तिला सोमवारची वेगळी गोळी लागत नाही.

पण हे कळायला आधी रक्त तपासावं लागतं. पापणीचा आतला भाग फिका दिसेपर्यंत हिमोग्लोबिन बरंच खाली गेलेलं असतं, त्यामुळे नजरेवर विसंबू नये. अकरा वर्षांपर्यंत साडेअकरा, बारा ते चौदा वर्षांत मुलामुलींना बारा, पंधरानंतर मुलींना बारा आणि मुलग्यांना तेरा, याच्या खाली असेल तर रक्तक्षय. आठच्या खाली तो तीव्र, अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. बोटाला टोचून तपासताना बोट दाबून दाबून थेंब काढला तर त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसून, आपोआप आलेला पुढचा थेंब घ्यायचा.

रोजच्या उपचाराने महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकने वाढायला हवं. नाही वाढलं तर प्रश्न विचारायचे. गोळ्या पोटात जातात का? चहाबरोबर घेतल्या जातात का? पाळी सात दिवसांहून जास्त टिकते का, तासा-दोन तासांनी कापड बदलावं लागतं का? मुलगी दूध, दही, अंडं काहीच खात नाही का, म्हणजे बी-१२ कमी आहे का? आणि नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल तपासलं आहे का? सिकलसेलच्या मुलाचं रक्त लोह कमी असल्यामुळे उतरलेलं नसतं, तांबड्या पेशीच लवकर फुटतात. त्याला गोळ्यांमागून गोळ्या देत राहणं हा त्याचा वेळ वाया घालवणं आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते.

मुख्याध्यापकांना आणि आईवडिलांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या नोंदवहीत गोळ्या किती वाटल्या हे लिहिलं जातं, त्याऐवजी किती मुलांनी समोर गिळल्या हे लिहा. सोमवारी सुट्टी असेल किंवा मूल गैरहजर असेल, तर त्याला मंगळवारी गोळी द्या. आणि घरी मुलगी शाळेतून आली की या सोमवारी गोळी मिळाली का, असं तिला विचारा. दोन आठवडे नाही म्हणाली, तर शाळेत जाऊन कारण विचारा. बऱ्याचदा साठा संपलेला असतो आणि तो मागवायचं राहिलेलं असतं.